पाण्यातली मोटर की पुरात बुडालेली मोटर: एका व्हिडिओच्या शीर्षकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करणारे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देणारे एक दुकान आहे. दुकानाचे आणि माणसांचे नाव इथे देत नाही. मालकांना मी दादा म्हणतो, त्यांच्या पुतणीला ताई. दादांचा या कामात तीस वर्षांहून जास्त हात बसलेला आहे. ताई दुकानाचा हिशेब बघते आणि दुकानाच्या यूट्यूब चॅनेलवर व्हिडिओ टाकते. मी छोट्या चॅनेलांची शीर्षके आणि वर्णने लिहून देण्याचे काम करतो, त्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो.

ज्या व्हिडिओची ही गोष्ट आहे तो पुरात बुडालेल्या मोटरीचा. पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. त्याआधीच नदीकाठच्या मोटरी खोलून वर आणायची धावपळ सुरू होते. ज्यांना जमत नाही त्यांच्या मोटरी गाळासकट पाण्याखाली जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये अशा मोटरींच्या रांगा दुकानासमोर लागल्या होत्या. पाणी उतरले की शेतकरी घाईत असतो, लाइट आली की मोटर सुरू करून बघतो, आणि वाळवून वाचली असती ती मोटर तिथेच जळते. हे थांबावे म्हणून दादांनी व्हिडिओ करायचे ठरवले. एका थ्री फेज मोटरीवर सगळे काम कॅमेऱ्यासमोर केले: उघडणे, चिखल धुणे, बेअरिंग तपासणे, स्टेटरमध्ये म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागात बल्ब लावून वाळवणे, मेगर हे इन्सुलेशन तपासायचे यंत्र लावून बघणे, वार्निश, जोडणी. साडेतेरा मिनिटांत सगळे बसवले. काम शिकवणारा इतका चांगला मराठी व्हिडिओ माझ्या पाहण्यात कमीच आला होता.

अडचण

व्हिडिओचे शीर्षक होते, "मालकाला विश्वासच बसला नाही! भाग ७", पुढे दुकानाचे नाव. वर्णनात दुकानाचा पत्ता, फोन नंबर आणि "लाइक, शेअर, सबस्क्राइब करा". चॅप्टर, म्हणजे वेळेप्रमाणे पाडलेले व्हिडिओचे भाग, नव्हते. व्हिडिओची भाषा सेटिंगमध्ये कोणीतरी इंग्रजी ठेवली होती.

पाहणारे होते ते व्हॉट्सअपवर लिंक मिळालेले ओळखीचे लोक. यूट्यूब स्टुडिओमध्ये ॲनालिटिक्स उघडून प्रेक्षक कुठून आले ते पाहिले, तर यूट्यूब सर्चचा वाटा नसल्यातच जमा होता. यात नवल नव्हते. शीर्षकात मोटर नाही, पूर नाही, वाळवणे नाही. शोधणाऱ्याने टाइप केलेला एकही शब्द त्या ओळीत सापडला नसता. यूट्यूब सर्चमध्ये व्हिडिओ पुढे आणताना शीर्षक, वर्णन आणि खुद्द व्हिडिओतला मजकूर शोधाशी किती जुळतो ते पाहते, शिवाय त्या शोधातून आलेली माणसे तो व्हिडिओ किती बघतात तेही पाहते. इथे पहिल्याच पायरीवर गाडी अडली होती.

ताईने माझ्याआधी एक बदल स्वतः करून पाहिला होता, आणि मला सगळ्यात जास्त शिकवले ते त्या बदलाने. तिने शीर्षक केले होते, "पाण्यातली मोटर दुरुस्ती संपूर्ण माहिती". यानंतर सर्चमधून लोक येऊ लागले. पण प्रेक्षक किती वेळ थांबतात त्याचा आलेख पाहिला तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो कड्यावरून खाली पडल्यासारखा होता. खाली कमेंट होत्या: "दादा सबमर्सिबलचं सांगा", "ही तर वरची मोटर हाय".

कारण शब्दातच होते. आपल्याकडे शेतकरी "पाण्यातली मोटर" म्हणतो तेव्हा त्याला सबमर्सिबल म्हणायची असते, जी कायम पाण्यातच असते. दादांच्या व्हिडिओतली मोटर काठावरची होती, तिने पाण्यात जायलाच नको होते. ताईने पुराचा विचार करून तो शब्द लिहिला, वाचणाऱ्याने बोअरचा विचार करून तो वाचला. म्हणजे चुकीची माणसे आली आणि लगेच गेली. कोणीच न येण्यापेक्षा हे जास्त नुकसानीचे, असे माझे मत आहे. आलेली माणसे थांबत नाहीत हे दिसले की त्या शोधात व्हिडिओला पुढे जागा मिळणे अवघड होते.

शब्द कुठून आणायचे

पहिला निर्णय हा होता. मी नेहमीप्रमाणे यूट्यूबच्या शोधपेटीत "मोटर पाण्यात", "मोटर बुड", "मोटर भिज" असे अर्धवट शब्द टाकून खाली कोणत्या सूचना येतात ते पाहिले. स्वतःच्या खात्यातून नाही, इनकॉग्निटोमध्ये, कारण नाहीतर आपल्याच जुन्या शोधांची सावली त्यात पडते. मराठीत सूचना मोजक्याच आल्या. सूचना आली नाही म्हणजे कोणी विचारत नाही, असे मराठीत धरून चालता येत नाही. शोधणारे थोडे असतील, किंवा प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत शोधत असेल, तरी पेटी रिकामी दिसते.

खरे भांडार निघाले दुकानाच्या काउंटरवर. पुराच्या दिवसांत फोन घेताना ताई गिऱ्हाइकाचे बोलणे वहीत जसेच्या तसे लिहून ठेवायची, कारण दादांना नंतर सांगावे लागे. त्या वहीचे एक पान माझ्यासमोर होते, निळ्या पेनाने लिहिलेले, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा:

"मोटर तीन दिस पाण्यात हुती, आता चालू केली तर चालंल काय." "मोटर बुडली, बाइंडिंग जळालंय का बघायचंय." "पुरातनं काढली, उन्हात ठेवली, किती दिस वाळवायची." "चालू केली की फ्यूज उडतोय." "बॉडीला करंट येतोय."

या पानावर रिवाइंडिंग हा शब्द एकदाही नव्हता. दुकानाच्या पाटीवर मात्र तोच मोठ्या अक्षरात आहे. वायंडिंगला, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या वेढ्यांना, लोक बाइंडिंगही म्हणतात. आणि बरेच जण मोटर "चालू करण्याआधी" फोन करत होते. म्हणजे शोधणाऱ्याचा प्रश्न "दुरुस्ती कशी करतात" हा नव्हताच. त्याचा प्रश्न होता, "आता चालू करू का, आणि वाळवू कशी?"

कोणते पर्याय होते

लिपीचा प्रश्न पहिला. दादांच्या मुलाचे म्हणणे, सगळे लोक इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून शीर्षकच `Purat Budaleli Motor` असे लिहावे. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. पण रोमन मराठीला एक शुद्धलेखन नाही. "वाळवायची" हा एकच शब्द `valvaychi`, `walvaychi`, `valavaychi` असा कसाही येतो, आणि अ आणि आ दोन्हींसाठी बहुतेक जण एकच `a` लिहितात म्हणून तो "वळवायची"सारख्या दुसऱ्या शब्दांच्या शेजारी जाऊन बसतो. शिवाय नदीकाठचा पन्नाशीचा शेतकरी टाइप न करता माइकचे बटण दाबून बोलतो, आणि फोनची भाषा मराठी असेल तर बोललेले देवनागरीत उमटते. असा शोध लांब असतो, बोलल्यासारखा पूर्ण वाक्यात. वहीतल्या वाक्यांसारखाच.

दुसरा पर्याय हिंदी शीर्षकाचा होता, जास्त प्रेक्षक मिळतील म्हणून. तो मी लगेच नाकारला. व्हिडिओ मराठी, तेही कोल्हापुरी मराठी. हिंदी शीर्षक पाहून आलेला माणूस पहिल्या वाक्याला निघून गेला असता, आणि सबमर्सिबलचाच प्रकार पुन्हा झाला असता.

तिसरा पर्याय, वर्णनाच्या तळाशी स्वल्पविराम देत चाळीसभर शब्द ओतायचे: मोटर, मोटार, पंप, रिवाइंडिंग, कोल्हापूर, सांगली. असे पुष्कळ चॅनेल करतात. वर्णनात टॅगचा ढीग घालणे यूट्यूबच्या नियमात बसत नाही, त्यावर व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो. टॅगसाठी वेगळा रकाना आहे आणि त्याचा उपयोगही मर्यादित आहे, मुख्यतः जे शब्द लोक हमखास चुकीचे लिहितात त्यांच्यासाठी. "मोटार" आणि "बाइंडिंग" आम्ही तिथे टाकले.

ठरले ते असे: शीर्षक देवनागरीत, बोलीच्या जवळचे पण साऱ्या महाराष्ट्राला कळेल असे. रोमन मराठी वर्णनात एकदाच, वाक्य म्हणून. बोलीतले दुसरे शब्द वर्णनाच्या वाक्यांत.

शेवटचा वाद "पुरात" या शब्दावरून झाला. "पाण्यात बुडालेली मोटर" लिहिले असते तर पावसात विहीर भरून बुडालेली मोटरही त्यात आली असती. पण "पाण्यात" आला की सबमर्सिबलवाले पुन्हा येण्याचा धोका होता. "पुरात" लिहिल्याने व्हिडिओ दोन महिन्यांचा ठरतो, पण येणारा माणूस नेमका येतो. दादा म्हणाले, "ज्याची मोटर पुरात गेली त्याला आज रात्री पाहिजे. बाकीच्यांना दम आहे." शब्द "पुरात" ठरला.

काय केले

शीर्षक:

```
पुरात बुडालेली मोटर कशी वाळवायची? चालू करण्याआधी मेगर तपासणी
```

यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरे देते. मराठीत हा हिशेब डोळ्यांना दिसतो तसा नसतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळे मोजले जाते. "स्टार्टर" आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत आठ भरतात. वरचे शीर्षक ६० भरते. पण मर्यादेपेक्षा महत्त्वाचे असे की मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच तुटते, म्हणून "पुरात बुडालेली मोटर" हे तीन शब्द सुरुवातीलाच पाहिजेत. दुकानाचे नाव शीर्षकातून काढले. दादांना ते थोडे लागले. चॅनेलचे नाव व्हिडिओखाली दिसतेच, हे फोनवर दाखवल्यावर ते तयार झाले.

वर्णनात पहिल्या दोन ओळीच न उघडता दिसतात. तिथे आधी पत्ता होता. आता तिथे उत्तर ठेवले:

```
पुराच्या पाण्यात गेलेली थ्री फेज मोटर लगेच चालू करू नका.
आधी उघडून धुवा, वाळवा आणि मेगरने तपासा. रीडिंग 1 मेगाओमच्या खाली असेल तर मोटर अजून ओली आहे.
मोटर बुडली, भिजली, बॉडीला करंट येतो किंवा फ्यूज उडतो, तर कुठून सुरुवात करायची ते यात दाखवले आहे.
सबमर्सिबल (बोअरची) मोटर या व्हिडिओत नाही.
Purat budaleli motor kashi valvaychi, megger ne kashi tapasaychi.
```

चौथी ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. जो आपला प्रेक्षक नाही त्याला दारातच सांगितलेले बरे. त्याचाही वेळ वाचतो.

मग व्हिडिओची भाषा मराठी केली आणि चॅप्टर लिहायला घेतले. इथे तीनदा अडखळलो.

ताईने पहिली वेळ 1:10 लिहिली, कारण त्याआधी नमस्कार आणि ओळख होती, "त्यात काय बघायचंय" म्हणून. चॅप्टर दिसेनात. यादी 0:00 पासूनच सुरू व्हावी लागते, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक चॅप्टर किमान १० सेकंदांचा लागतो. तिच्या यादीत बल्ब लावण्याची वेळ 5:30 आणि बल्बच्या वॅटची माहिती 5:36 अशी दोन नोंदी होत्या. तीही एक केली. आकडे मुद्दाम इंग्रजीत ठेवले आणि प्रत्येक वेळ नव्या ओळीच्या सुरुवातीला.

दुसरी अडचण नावांची. पहिल्या मसुद्यात "महत्त्वाचे", "पुढची पायरी", "टीप" अशी नावे होती. चॅप्टरचे नाव वाचून माणूस तिथे उडी मारतो, आणि गूगलच्या शोधातही व्हिडिओखाली हे टप्पे वेगळे दिसू शकतात. म्हणून प्रत्येक नाव स्वतःच्या पायावर उभे राहील असे पाहिजे. एक नाव होते "अर्थ तपासणे". दुकानात ते अर्थिंग म्हणून बरोबर आहे, पण मराठी वाचणाऱ्याला आधी शब्दाचा अर्थ आठवतो. तिथे वहीतला शब्द घेतला, बॉडीला करंट.

तिसरी चूक माझी. चॅप्टर लावून झाल्यावर मला सुरुवातीची ओळख लांब वाटली आणि मी स्टुडिओच्या एडिटरमध्ये पहिली ४० सेकंदे कापली. व्हिडिओची लिंक तीच राहिली, पण वर्णनातल्या वेळा आपोआप सरकत नाहीत. ताईने फोनवर "मेगर"वर बोट ठेवले तर मेगरची सुई स्थिरावून गेली होती आणि दादा वायरी सोडत होते. ज्या क्षणासाठी माणूस तिथे येणार, तोच निसटला होता. सगळ्या वेळा ४० सेकंदांनी मागे घेऊन प्रत्येक चॅप्टरवर स्वतः बोट ठेवून पाहिले. शेवटी यादी अशी झाली:

```
0:00 बुडालेली मोटर लगेच चालू केली तर काय होते
0:30 मोटर उघडून चिखल धुणे
3:05 बेअरिंग ठेवायचे की बदलायचे
4:50 बल्ब लावून वायंडिंग वाळवणे
8:10 मेगर लावणे: बॉडीला करंट आहे का
10:40 वार्निश आणि पुन्हा जोडणी
12:00 पहिल्यांदा चालू करताना काय पाहायचे
```

निष्पत्ती

पुढच्या पावसाळ्यात पाणी चढले तेव्हा या व्हिडिओकडे लोक येण्याचा सगळ्यात मोठा रस्ता यूट्यूब सर्च झाला. व्हॉट्सअप मागे पडले. कोणत्या शब्दांनी लोक आले ती यादी ॲनालिटिक्समध्ये पाहिली. वरच्या ओळींत देवनागरीतली बोलल्यासारखी वाक्ये होती, वहीतल्यांची सख्खी भावंडे. रोमनही होती, आणि ती आमच्या वर्णनातल्या स्पेलिंगशी तंतोतंत जुळत नसतानाही पोचली होती. "पाण्यातली मोटर" यादीतून जवळजवळ गेला. पहिल्या अर्ध्या मिनिटातला कडा उतारासारखा झाला, आणि आलेखात मेगरच्या जागी उंचवटा दिसू लागला, म्हणजे लोक उडी मारून तिथे येत होते किंवा तो भाग पुन्हा पाहत होते.

सप्टेंबरमध्ये पाणी ओसरले तसा व्हिडिओही ओसरला. हे ठरवताना माहीत होते, त्यामुळे त्याचे दुःख नाही. पण विहिरीतल्या मोटरीचे प्रश्न त्या शीर्षकाने बाहेर ठेवले, ही किंमत खरी आहे.

दुकानात फोन कमी झाले नाहीत. फोनवरचा प्रश्न मात्र बदलला. ताईच्या वहीत आता "मेगर कुठं मिळंल" आणि "रीडिंग अर्धा मेगाओम आलंय, अजून किती दिस बल्ब ठेवू" अशी वाक्ये आहेत.

आता वेगळे काय केले असते

शीर्षक आणि थंबनेल आम्ही एकाच दिवशी बदलले. थंबनेलवर आधी दादांचा आश्चर्यचकित चेहरा होता, नंतर चिखलाने भरलेला स्टेटर आला. लोक क्लिक जास्त करू लागले ते शब्दांमुळे की त्या चिखलामुळे, हे आता वेगळे करता येत नाही. आधी शीर्षक, दोन आठवडे थांबून थंबनेल, असे करायला हवे होते. पूर दारात असताना दोन आठवडे कोणी थांबत नाही, म्हणून हे काम मे महिन्यातच व्हायला पाहिजे होते.

ओळख कापायचा निर्णय चॅप्टर लिहिण्याआधी घ्यायला हवा होता. आता आमचा क्रम पक्का आहे: कापाकापी पूर्ण, मग वेळा, मग प्रत्येक वेळेवर बोट.

आणि "मेगर" शीर्षकात ठेवावा की नाही, यावर माझे आणि दादांचे अजून एकमत नाही. सर्चच्या यादीत तो शब्द फारसा आला नाही, शेतकरी तो टाइप करत नाही. मला तिथे "किती दिवस" हे शब्द हवेत, वहीत ते पुन्हा पुन्हा येतात. दादांचे म्हणणे, किती दिवस याला उत्तरच नाही. मोटर दिवसांनी वाळत नाही, रीडिंगने वाळली कळते, आणि शीर्षकात "किती दिवस" लिहिले तर माणूस दोन दिवस मोजून बटण दाबेल. सध्या त्यांचे ऐकले आहे. विहिरीतल्या मोटरीचा वेगळा व्हिडिओ चित्रित झाला आहे. त्याच्या वर्णनात "दोन दिवस वाळवली म्हणजे वाळली असे नाही" ही ओळ पहिली ठेवायची, एवढे दोघांनी मान्य केले आहे.